कॅप्शनमधलं मराठी-इंग्रजी ओढूनताणून वाटतंय? आधी क्रियापद तपासा

म्हापशातल्या एका छोट्या स्ट्रीटवेअर ब्रँडसाठी मी कॅप्शन लिहितो. ब्रँड म्हणजे दोन मित्र, भाड्याची एक खोली आणि बाहेरून करून घेतलेलं प्रिंटिंग. दर ड्रॉपला, म्हणजे नवा माल विक्रीला काढताना, एकच दुखणं उलटून यायचं. फोटो चांगले, कपडा चांगला, पण कॅप्शनखाली कोणीतरी लिहायचंच, "मराठी कोण लिहितं रे तुमचं?" एकदा तर मालकाच्या बहिणीनेच विचारलं. आम्ही शब्द बदलायचो, थोडं इंग्रजी कमी करायचो, थोडं मराठी वाढवायचो, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

चूक प्रमाणात नव्हती, जोडकामात होती. यंदा चवथीआधीच्या ड्रॉपला ती नीट सापडली, म्हणून तेच उदाहरण घेतो. ड्रॉपचं नाव माटोळी. ओव्हरसाइज टी-शर्ट, पाठीवर माटोळीतली फळं पफ प्रिंटमध्ये. गोव्याबाहेरच्यांसाठी: चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला नारळ, सुपारी, केळी, तोरंजन, आंबाडे, चिबूड अशी रानातली-परसातली फळं टांगतात, ती माटोळी. आमच्याकडे "गणपतीला येतोस का" असं कमी आणि "चवथीला येतोस का" असं जास्त विचारतात, हेही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मालकाने पाठवलेलं पहिलं कॅप्शन असं होतं:

"गेट रेडी फॉर सम अस्सल व्हाइब्स! आमचा नवीन माटोळी कलेक्शन इज फायनली हिअर. युअर चवथ फिट जस्ट गॉट लय भारी. शॉप नाऊ, मित्रांनो!"

वाचताना दात खाली-वर होतात ना? पण नेमकं कुठे, ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे, नाहीतर दुरुस्ती होत नाही.

इंग्रजी शब्द खोडून बघा

माझी पहिली चाचणी शाळेतली आहे, रिकाम्या जागा भरा. कॅप्शनमधले सगळे इंग्रजी शब्द खोडा आणि काय उरतं ते वाचा. वरच्या कॅप्शनमध्ये उरतं: "अस्सल, आमचा नवीन माटोळी, चवथ, लय भारी, मित्रांनो." वाक्य नाहीच, नुसती तोरणं. म्हणजे घर इंग्रजीचं आहे आणि मराठी दारावर टांगलीय.

आता आपण खरंच बोलतो ते एक वाक्य घ्या: "लिंक ओपन होत नाहीये रे, परत सेंड कर." यातलं इंग्रजी खोडलं तर "___ ___ होत नाहीये रे, परत ___ कर" एवढं राहतं. जागा रिकाम्या आहेत, पण वाक्य उभं आहे. होणं, करणं, नकार, काळ, "रे", सगळं मराठी. इंग्रजीने फक्त वस्तू आणि क्रिया यांची नावं पुरवली, वाक्य चालवायचं काम मराठीकडेच राहिलं. कॅरल मायर्स-स्कॉटन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली-इंग्रजी सरमिसळीचा अभ्यास करून १९९३ मध्ये साधारण हेच मांडलं होतं: मिसळलेल्या वाक्यात एक भाषा सांगाडा देते, दुसरी त्यात शब्द घालते. नैरोबीतल्या पोरांचं आणि म्हापशाच्या बसस्टँडवरच्या पोरांचं या बाबतीत एकच आहे.

म्हणून दुरुस्ती करताना विशेषणांना हात लावू नका, आधी क्रियापद शोधा. "गेट रेडी", "इज", "गॉट", "शॉप" ही चारही क्रियापदं इंग्रजी आहेत. जोवर ती बसलीत तोवर "अस्सल"च्या जागी "झकास" घाला नाहीतर "कडक", वास तोच येणार.

आम्ही आधी केलं ते याच्या उलट, आणि तेही फसलं. इंग्रजी पूर्ण हाकललं: "सादर करीत आहोत माटोळी संग्रह. ऐसपैस आकाराचे सदरे, उंचावलेली छपाई. आजच खरेदी करा." व्याकरण निर्दोष. पण हे कापडदुकानाच्या सेलचं पत्रक झालं, वर्तमानपत्रात घालून वाटतात तसलं. उंचावलेली छपाई असं प्रिंटिंगवालाही म्हणत नाही, पफ प्रिंटच म्हणतो. गिऱ्हाईक ज्या नावाने वस्तू मागतं, तेच नाव लिहायचं.

मग कुठला शब्द कुठल्या भाषेत?

मी एक साधी वाटणी करतो. दुकानात, ॲपवर, प्रिंटिंगवाल्याकडे जे शब्द पहिल्यांदा ऐकले ते इंग्रजीत: ड्रॉप, स्टॉक, साइज, ओव्हरसाइज, पफ प्रिंट, ॲसिड वॉश. घरात, अंगावर, अंगणात जे घडतं ते मराठीत: घालणं, धुणं, वाळत टाकणं, भिजणं, उकडणं. आमच्या जुन्या कॅप्शनमध्ये "वॉश इनसाइड आउट करा" असं होतं. कोणाच्या आईने कधी असं सांगितलंय? "उलटा करून धू, प्रिंटवर इस्त्री फिरवू नको" हे प्रत्येकाने ऐकलंय. तिथे इंग्रजी शब्द ओढून आणलेला दिसतो, कारण मराठी शब्द आधीपासून तोंडात तयार आहे.

याच वाटणीतून आमचं त्या ड्रॉपमधलं सर्वात चाललेलं वाक्य निघालं. ट्रायलसाठी मी एक टी-शर्ट घरी घालून बसलो होतो. आई म्हणाली, "काय हे ढगळ!" मी म्हटलं, "ओव्हरसाइज आहे गे." एकाच कपड्याला दोन शब्द, आणि दोन्ही खरे. दुसऱ्या फोटोखाली तेच गेलं:

"आई म्हणणार ढगळ आहे. ओव्हरसाइज आहे, आई."

इथे इंग्रजी शब्द येतो तेव्हा बोलणारा बदलतो. एका शब्दात आई आहे, दुसऱ्यात मुलगा. भाषा बदलायला कारण असलं की ती खुपत नाही. माणूस बदलला, सूर बदलला, कोणाचं तरी वाक्य उचलून सांगितलं, अशा जागी सांधा आपोआप बसतो. "अस्सल व्हाइब्स"मध्ये भाषा का बदलली याला उत्तर नाही, "थोडं मराठी पाहिजे" एवढंच. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

लिंग, वचन आणि चिकटणारे प्रत्यय

सांगाडा मराठी केला तरी खडे राहतात, आणि ते बहुतेक इथेच असतात. इंग्रजी शब्द मराठीत आला की त्याला लिंग घ्यावंच लागतं, कारण आपलं क्रियापद त्याशिवाय पुढे जात नाही. कलेक्शन आलं, ड्रॉप आला, हूडी आली. मालकाने "आमचा नवीन कलेक्शन" लिहिलं होतं, आणि निम्म्या लोकांना नेमकं काय चुकलंय ते न कळताही तिथेच अडखळायला झालं असणार. हा नियम कुठे छापलेला नाही, पण कानाला दोन खुणा मिळतात. शब्द ईकारान्त असला तर बहुधा स्त्रीलिंगी होतो: हूडी, जर्सी. नाहीतर जवळचा मराठी शब्द आपलं लिंग देतो: टोपीमुळे कॅप ती, पिशवीमुळे बॅग ती. "साइज"चं मात्र भांडण आहे, काहींचा तो, काहींची ती. आम्ही "ती" धरलं आणि सगळ्या पोस्टमध्ये तेच ठेवलं. एकाच कॅप्शनमध्ये "तुझा साइज" आणि "कुठली साइज" असं दोन्ही आलं की लिहिणारे दोन जण आहेत असं वाटतं.

अनेकवचनाला इंग्रजी स लावायचा मोह आवरा. "दोन टी-शर्ट्स घेतले" असं लिहिलं की मराठी वाक्यात अचानक इंग्रजी व्याकरण डोकावतं. "दोन टी-शर्ट घेतले" हे बोलण्यासारखं आहे, कारण मराठीत अकारान्त पुल्लिंगी शब्द अनेकवचनात बदलत नाही. दोन दगड, दोन टी-शर्ट.

प्रत्यय शब्दाला चिकटवूनच लिहायचा: ड्रॉपमध्ये, लिंकवर, स्टॉकचं. मध्ये जागा सोडली की "ड्रॉप मध्ये" हे भाषांतर करून चिकटवल्यासारखं दिसतं. जुने, मुरलेले शब्द मराठीसारखे वाकतात, "टी-शर्टावर", "कॉलेजात". नवे वाकत नाहीत, "ड्रॉपात" कोणी म्हणत नाही. हा फरक कानाने पाळा, नियमाने नको.

तू की तुम्ही, आणि वाचणारा की वाचणारी

यावर थोडं थांबतो, कारण इंग्रजीतून विचार करून लिहिणाऱ्याला ही अडचण दिसतच नाही. पोरांचा ब्रँड आहे, आम्ही "तू" ठरवलं. तरी जुन्या कॅप्शनमध्ये "तुमची साइज सिलेक्ट कर" असं सापडलं, सुरुवातीला आदर आणि शेवटी दोस्ती. तक्रार किंवा पैशाचं बोलणं मेसेजमध्ये सुरू झालं की आम्ही "तुम्ही"वर जातो, पण कॅप्शनमध्ये एकदा "तू" म्हटलं की शेवटपर्यंत तू.

"तू" घेतलं की दुसरा पेच. "चवथीला घरी आलास का?" म्हटलं की अर्धं गिऱ्हाईक बाहेर राहतं, कारण आमचे निम्मे टी-शर्ट मुलीच घेतात. "आलास/आलीस" असं तिरकी रेघ मारून लिहिलं तर सरकारी अर्जाचा भास होतो. मराठीत यावर एक सोपी पळवाट आहे. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं, कर्त्याप्रमाणे नाही. "टी-शर्ट घेतलास", "कॅप घातलीस", "माटोळी बांधलीस", वाचणारा मुलगा असो की मुलगी, रूप तेच राहतं, वस्तूवरून ठरतं. म्हणजे येणं, जाणं, बसणं टाळायचं आणि घेणं, घालणं, बांधणं वापरायचं. अपवाद आहेत: विसरणं, शिकणं ही कर्म असूनही कर्त्याला धरून चालतात, "विसरलास की विसरलीस" पुन्हा आलंच. तिथे आज्ञार्थावर जा, "विसरू नको."

या पळवाटेतूनच शेवटची ओळ मिळाली. माटोळी बांधतात, टी-शर्ट घालतात. मग चवथीला पाठ फिरवली की मामा काय विचारणार? "माटोळी बांधलीस की घातलीस?" इंग्रजीचा एक शब्द नाही, तरी त्या पूर्ण ड्रॉपचं सगळ्यात तरुण वाक्य तेच होतं. सरमिसळीचं कॅप्शन म्हणून प्रत्येक ओळीत मिसळलंच पाहिजे असं काही नाही.

गोव्याचं मराठी गोव्याचंच राहू द्या

"लय भारी", "भावा", "नाद खुळा" हे शब्द वाईट नाहीत, पण ते घाटावरून आलेत. डिचोली-सत्तरी-पेडण्यातला मराठी वाचणारा पोरगा ते रील्समध्ये ऐकतो, मित्राशी बोलताना वापरत नाही. आमच्याकडे पुष्कळ घरांत बोलणं कोकणी आणि वाचणं-लिहिणं मराठी असं चालतं, त्यामुळे मराठी वाक्यात "रे", "गे", एखादा "पात्रांव" सहज येतो. पण इथेही तोल जातो. मालकाला एकदा "चवथीचं फेस्त" लिहायचं होतं. फेस्त चर्चचं असतं, चवथीचं नाही. दोन्ही धर्मांच्या गिऱ्हाइकांना ते विचित्र वाटलं असतं. आणि "सुशेगाद" तर मी छापूच देत नाही. तो शब्द आता पर्यटकांच्या मगवर राहायला गेलाय.

कोकणी की मराठी हा वाद कमेंटमध्ये पेटायला एक शब्द पुरतो. त्याला घाबरून कॅप्शन पाणचट करू नका, पण सांगाडा मराठीचा ठेवा आणि कोकणी शब्द नावं, हाका, खाणं एवढ्यापुरते. "पायलट" म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, "चवथ", "माटोळी" हे कोणाला खटकत नाहीत. क्रियापद अर्धं कोकणी, अर्धं मराठी झालं की दोन्ही बाजूंनी कान पिळले जातात.

टायपिंगमधला लपलेला दोष

हा भाग छोटा, पण आमचा एक हॅशटॅग यामुळे दोन तुकड्यांत गेला होता. काही फोनवर "ॉ" सापडला नाही की लोक काना आणि वर चंद्र असं वेगवेगळं टाइप करतात. डोळ्याला सारखंच दिसतं, मशीनला नाही:

```
ड्रॉप  = ड + ् + र + ॉ + प
ड्राॅप = ड + ् + र + ा + ॅ + प
```

पहिल्यात पाच खुणा, दुसऱ्यात सहा. मालक एका पद्धतीने लिहायचा, मी दुसऱ्या, आणि एका टॅगवरून दुसऱ्याच्या पोस्ट सापडत नव्हत्या. काही फॉन्टमध्ये दुसऱ्या प्रकारचा चंद्र बाजूला सरकलेलाही दिसतो. "ॲसिड वॉश"मधल्या "ॲ"चंही तेच, तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एकदा बरोबर टाइप करून नोट्समध्ये ठेवा आणि दोघांनीही तिथूनच चिकटवा. आणि हॅशटॅगमध्ये "टी-शर्ट" लिहू नका, आडव्या रेघेपाशी टॅग तुटतो आणि मागे नुसता "टी" उरतो.

शेवटी गेलेलं कॅप्शन

"माटोळी ड्रॉप आलाय.
पाठीवर आंबाडे, तोरंजन, सुपारी, चिबूड. पुढे फक्त छोटा लोगो.
ओव्हरसाइज आहे, त्यामुळे नेहमीचीच साइज घे. १८० जीएसएम, आरतीच्या गर्दीत उकडणार नाही.
शुक्रवारी संध्याकाळी ७ ला लाइव्ह. नो रिस्टॉक.
चवथीला मामा विचारणार: माटोळी बांधलीस की घातलीस?"

रिकाम्या जागांची चाचणी लावून बघा. "माटोळी ___ आलाय" उभं राहतं, बाकीच्याही बहुतेक ओळी राहतात. फीडमध्ये "अधिक"वर टिचकी मारण्याआधी पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून नाव आणि फळं वर आणली. "जीएसएम" म्हणजे चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, ते समजावत बसलो नाही, उकडणार नाही म्हटलं की आकड्याचा अर्थ लागतो. आम्ही आधी २४० चा जाड कपडा घ्यायचो, फोटोत छान पडतो, पण पावसात तीन दिवस वाळत नाही.

"नो रिस्टॉक" एवढं एक वाक्य पूर्ण इंग्रजी आहे आणि ते मी मुद्दाम ठेवलं. वाक्य संपल्यावर भाषा बदलली तर सांधा दिसत नाही, आणि "पुन्हा साठा येणार नाही" म्हटलं की रेशनचं दुकान आठवतं. पण असं अख्खं इंग्रजी वाक्य एकच, तेही चार शब्दांच्या आतलं. दोन सलग आली की परत घर इंग्रजीचं होतं.

एक गोष्ट या पद्धतीने सुटत नाही. पर्यटक आणि मराठी न वाचणारे गिऱ्हाईकही आमच्याकडे आहेत. त्यांना याच कॅप्शनमध्ये कोंबायच्या नादातच आमचं पहिलं कॅप्शन बिघडलं होतं. आता त्यांच्यासाठी किंमत, साइजचा तक्ता आणि वेळ शेवटच्या स्लाइडवर पूर्ण इंग्रजीत असते.

पोस्ट टाकण्याआधी मी कॅप्शन व्हॉइस नोट म्हणून मावसभावाला पाठवतो, लिहिलेलं नाही. तो "परत बोल" म्हणाला की कुठेतरी क्रियापद चुकलंय. माटोळीच्या वेळी त्याने विचारलं, "माझ्यासाठी एल ठेवशील काय?" तिथेच मी पोस्टचं बटण दाबलं.

डिसेंबरच्या ड्रॉपमध्ये हूडी आहे. अनेकवचन "हूडीज" की "हूड्या" यावर मालक आणि माझं अजून जमलेलं नाही. मला "हूड्या" ऐकताना हसू येतं, त्याला "हूडीज" वाचताना. तोवर मी सगळी वाक्यं एकवचनात लिहून ठेवतोय.